k-निकटतम शेजारी पद्धत: k निवडताना या चुका टाळा

पुण्यातल्या सदनिकांच्या मासिक भाड्याचा अंदाज बांधण्यासाठी k-निकटतम शेजारी पद्धत वापरणे स्वाभाविक वाटते, कारण घरमालक आणि एजंटही भाडे ठरवताना शेजारच्या सोसायटीत तशाच टू बीएचकेला किती मिळते हेच आधी पाहतात. ही पद्धत नव्या घराच्या सर्वांत जवळची k घरे माहितीसंचातून शोधते आणि त्यांच्या भाड्यांची सरासरी अंदाज म्हणून देते. ठरवायच्या गोष्टी दोनच असतात: k किती घ्यायचा आणि 'जवळ' कशाला म्हणायचे. बहुतेकांचा वेळ पहिल्या प्रश्नावर खर्च होतो; माझ्या मते दुसरा आधी सोडवावा, कारण k नुसार चूक कशी बदलते हे दाखवणाऱ्या आलेखात दिसणारी बरीचशी विचित्र लक्षणे मुळात अंतरांतल्या बिघाडाची असतात.

k फार लहान असेल, तर एखाद्या घराचे अवाजवी भाडे थेट अंदाजात उतरते. k फार मोठा असेल, तर कोथरूडच्या घराच्या अंदाजात हडपसरची घरे मिसळू लागतात आणि k संपूर्ण संचाएवढा केला की प्रत्येक घराला शहराची सरासरीच मिळते. या दोन टोकांमध्ये चूक सर्वांत कमी कुठे होते, हे क्रॉस व्हॅलिडेशनने पाहावे, म्हणजे नोंदींचे भाग पाडून एकेक भाग आळीपाळीने चाचणीसाठी बाजूला ठेवावा आणि उरलेल्यांवरून त्याचा अंदाज बांधून चूक मोजावी. एकूण नोंदींचे वर्गमूळ घेण्याचा प्रचलित नियम शोध सुरू करण्यापुरता ठीक आहे. त्याला आपल्या माहितीचे स्वरूप ठाऊक नसते, त्यामुळे त्यावर निर्णय सोडू नये.

पडताळणीत k = १ सर्वोत्तम ठरतो

प्रशिक्षणाच्याच नोंदींवर चूक मोजली, तर k = १ ला ती शून्य येणारच, कारण प्रत्येक घर स्वतःचेच सर्वांत जवळचे शेजारी असते; हे बहुतेकांना माहीत असते. पण वेगळ्या ठेवलेल्या नोंदींवरही k = १ जिंकत असेल, तर आनंद मानण्याआधी एकाच सोसायटीच्या नोंदी तपासाव्यात. एका इमारतीत एकाच क्षेत्रफळाच्या दहा सदनिका असतात, एकच घर दोन एजंटांकडून दोनदा नोंदवलेले असते, आणि यादृच्छिक विभागणीत त्यांतल्या काही नोंदी प्रशिक्षणात तर काही चाचणीत जातात. मग मॉडेल भाड्याचा अंदाज बांधत नाही, जुळी नोंद शोधून काढते. नव्या सोसायटीतले घर समोर आले की हे कौशल्य निरुपयोगी ठरते. उपाय सोपा आहे: एका सोसायटीच्या सगळ्या नोंदी एकाच गटात ठेवाव्यात आणि विभागणी गटांची करावी.

```python
pipe = make_pipeline(StandardScaler(), KNeighborsRegressor())
gs = GridSearchCV(
    pipe,
    {"kneighborsregressor__n_neighbors": [1, 3, 5, 9, 15, 25, 41, 65]},
    cv=GroupKFold(n_splits=5),
    scoring="neg_mean_absolute_error")
gs.fit(X, y, groups=society_id)
```

येथे प्रमाणीकरण, म्हणजे प्रत्येक स्तंभाची सरासरी शून्य आणि प्रमाण विचलन एक करणे, पाइपलाइनच्या आत ठेवले आहे, जेणेकरून चाचणीच्या भागाची सरासरी आणि विचलन प्रशिक्षणात झिरपणार नाही. प्रमाणीकरण मुळीच केले नाही, तर चौरस फुटांतला २५० चा फरक एका खोलीच्या फरकाला पूर्णपणे गिळून टाकतो.

स्तंभ वाढवले आणि सर्वोत्तम k वाढतच गेला

हे लक्षण अधिक महत्त्वाचे आहे आणि त्याचा अर्थ बहुतेकदा चुकीचा लावला जातो. समजा, भाडे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: क्षेत्रफळ, ठिकाण दर्शवणारा एक आकडा आणि इमारतीचे वय. त्यात आपण जाहिरातीतून मिळालेले आणखी साठ स्तंभ घातले, ज्यांचा भाड्याशी संबंध नाही. सोयीसाठी सगळे स्तंभ परस्परस्वतंत्र, प्रमाणित आणि घंटाकृती वितरणाचे मानू. अशा एका स्तंभात कोणत्याही दोन घरांमधल्या फरकाचा वर्ग सरासरी २ येतो.

आता एका घराचा खरा शेजारी घेऊ, ज्याचे तीन उपयुक्त स्तंभांतले वर्गित अंतर ०.१ आहे. सहज उचललेल्या एखाद्या घराचे हेच अंतर सरासरी ६ असते. तीनच स्तंभ असताना हा फरक डोळ्यांत भरतो. निरुपयोगी साठ स्तंभ दोघांच्याही वर्गित अंतरात सरासरी १२० ची भर घालतात, म्हणजे एकाचे १२०.१ होते आणि दुसऱ्याचे १२६. वर्गमुळे काढली तर १०.९६ आणि ११.२२. त्यातही ती १२० ची भर स्थिर नसते. घरागणिक ती सुमारे २० ने वरखाली होते. सहाचा खरा फरक या चढउतारात बुडतो, आणि जवळची म्हणून निवडली जाणारी घरे प्रत्यक्षात निरुपयोगी स्तंभांत योगायोगाने जुळलेली घरे असतात. शेजारीच असे यादृच्छिक झाले, की त्यांतल्या त्यात कमी चुकण्याचा मार्ग पुष्कळ घरांची सरासरी घेणे हाच उरतो, आणि क्रॉस व्हॅलिडेशन प्रामाणिकपणे k वाढवत नेते. त्या वाढलेल्या k ला 'योग्य k' समजणे ही खरी चूक आहे.

निदानासाठी काही घरे निवडून प्रत्येकाचे सर्वांत जवळच्या शेजाऱ्याशी असलेले अंतर भागिले इतर सर्व घरांशी असलेल्या अंतरांचा मध्यक, एवढे गुणोत्तर काढावे. वरच्या उदाहरणात दोनेक हजार नोंदी असतील, तर तीन स्तंभांवर ते ०.१ च्या आसपास येते आणि त्रेसष्ठ स्तंभांवर ०.७ च्या वर जाते. गुणोत्तर एककडे सरकत असेल, तर सगळीच घरे जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. अधिक नोंदी जमवून हे भरून निघेल, ही आशाही फारशी खरी ठरत नाही: एकक घनात समान पसरलेल्या बिंदूंपैकी १ टक्का बिंदू सामावणाऱ्या छोट्या घनाची बाजू दोन मितींत ०.१ लागते, दहा मितींत ०.६३. एवढी रुंद चौकट 'जवळपास' म्हणवत नाही.

मात्र केवळ स्तंभांची संख्या मोजून घाबरू नये. शंभर स्तंभ जर मोजक्याच मूळ गोष्टींची निरनिराळी रूपे असतील, तर अंतरे अर्थपूर्ण राहू शकतात. घात करतात ते परस्परस्वतंत्र आणि भाड्याशी असंबद्ध स्तंभ. ते काढण्यासाठी सरसकट पीसीए, म्हणजे सर्वाधिक विचलन टिपणारे मोजकेच नवे स्तंभ बनवणारी पद्धत, लावण्याचा सल्ला वारंवार दिला जातो, पण पीसीएला भाडे दिसत नाही. त्याला फक्त विचलन दिसते, आणि प्रमाणित स्वतंत्र स्तंभांचे विचलन सारखेच असल्याने निरुपयोगी कोणता हे ते सांगू शकत नाही. त्यापेक्षा तीन-चार खात्रीच्या स्तंभांपासून सुरुवात करावी, एकेक स्तंभ जोडावा आणि गटवार पडताळणीत चूक स्पष्टपणे घटली तरच तो ठेवावा.

परिसराच्या नावाचे शून्य-एक स्तंभ

चाळीस परिसरांचे चाळीस शून्य-एक स्तंभ केले, की कोणत्याही दोन वेगळ्या परिसरांमधले अंतर √२ होते. म्हणजे कोथरूडला कर्वेनगर आणि वाघोली सारखेच दूर. वर त्यांचे प्रमाणीकरण केले, तर एक टक्का नोंदींत येणाऱ्या परिसराच्या स्तंभाचे प्रमाण विचलन सुमारे ०.१ असल्याने त्यातला १ चा फरक १० होतो, आणि तेवढ्यावरच तिथले घर बाकी सर्वांपासून तुटते. त्याऐवजी अक्षांश-रेखांशांवरून किलोमीटरमधले स्थान वापरावे. कोथरूड आणि पाषाण यांच्यामध्ये वेताळ टेकडी असल्याने सरळ रेषेतले अंतर तिथे फसवे ठरते. शक्य असल्यास रस्त्याने लागणारा वेळ घ्यावा.

एवढे झाल्यावर k चा आलेख पुन्हा काढावा. तो बहुधा एका टोकाला न कलता मध्ये एक रुंद, सपाट तळ दाखवतो, आणि त्या तळातल्या ९ व १५ मधला फरक पाच भागांमधल्या चुकीच्या चढउतारापेक्षा लहान असेल, तर त्यातला मोठा k घ्यावा, कारण त्याचे अंदाज एखाददुसऱ्या नोंदीने कमी हलतात.