लिलावात वस्तू देण्याआधी: हातात किती पडणार, ते आधी काढा

लिलावगृहाच्या करारावर सही करण्याआधी कागदावर एकच आकडा लिहा: सगळी कपात झाल्यावर हातात किमान किती हवेत? राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली वस्तू विकायची नाही ती बोली, ठरवताना सुरुवात इथूनच करायची. बहुतेक जण उलटं करतात. वस्तूची किंमत एक लाख वाटते म्हणून राखीव किंमत एक लाख सांगतात, आणि हिशेबाचं पत्रक आल्यावर चकित होतात.

राखीव किंमत हातोडा पडतो त्या बोलीला लागू होते, तुमच्या हातात येणाऱ्या रकमेला नाही. समजा, एका चित्राचे तुम्हाला निदान 90,000 हवे आहेत. विक्रेत्याचं कमिशन 10 टक्के, विमा दीड टक्का आणि छायाचित्राचे 1,000 असं ठरलं आहे. हातोडा 1,00,000 वर पडला तर 10,000, 1,500 आणि 1,000 वजा होऊन 87,500 उरतात, म्हणजे 2,500 कमीच. 90,000 मध्ये छायाचित्राचे 1,000 मिळवा आणि बेरजेला 0.885 ने, म्हणजे कमिशन आणि विम्याचे साडेअकरा टक्के गेल्यावर उरणाऱ्या भागाने, भागा, की 1,02,825 येतात. बोली पाच हजारांच्या टप्प्यांनी चढत असेल तर राखीव किंमत 1,05,000 ठेवावी लागेल. तिथे विक्री झाली की 91,925 मिळतात. कमिशनवर कर लागत असेल तर तोही याच हिशेबात धरा, नाहीतर हे गणित पुन्हा तुटीत जाईल.

आता बायर्स प्रीमियम. हातोडा किंमतीवर खरेदीदार लिलावगृहाला जी जादा टक्केवारी देतो, ती ही. लंडनमध्ये क्रिस्टीज आणि सदबीज या दोन्ही लिलावगृहांनी 1975 साली 10 टक्क्यांनी तिची सुरुवात केली. आज अनेक ठिकाणी ती 25 टक्के किंवा त्याहून जास्त आहे. ‘हे पैसे खरेदीदार देतो, तुम्हाला काय त्याचं?’ असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. जाणता खरेदीदार आधी एकूण खर्चाची मर्यादा ठरवतो आणि प्रीमियम वजा करून बोली लावतो. त्याची मर्यादा 1,25,000 असेल तर 25 टक्के प्रीमियमच्या लिलावात तो 1,00,000 वर थांबतो. 10 टक्के कमिशन गेलं की तुम्हाला 90,000. दुसरीकडे प्रीमियम 15 टक्के आणि कमिशन 12 टक्के आहे असं समजा. तिथे तोच माणूस 1,05,000 पर्यंत येऊ शकतो, कारण प्रीमियम धरून त्याचे 1,20,750 होतात. पुढच्या टप्प्याला मात्र त्याची मर्यादा ओलांडली जाते. 12,600 कमिशन देऊनही तुमच्याकडे 92,400 उरतात. कमिशन महाग, तरी पैसे जास्त!

म्हणून लिलावगृहांची तुलना करताना दोन्ही टक्के शेजारी लिहा. शंभरातून कमिशन वजा करा आणि शंभरात प्रीमियम मिळवून त्याने भागा. पहिल्या ठिकाणी 90 भागिले 125 म्हणजे 0.72, दुसऱ्या ठिकाणी 88 भागिले 115 म्हणजे सुमारे 0.77. खरेदीदाराच्या प्रत्येक रुपयातले इतके तुमच्याकडे येतात. अर्थात, ही तुलना दोन्हीकडे सारख्याच ताकदीचे बोलीदार येत असतील तरच खरी. जास्त प्रीमियम घेणाऱ्याकडे त्या वस्तूचे पक्के संग्राहक येत असतील, तर तिथेच जावं. वस्तू मोलाची असेल तर कमिशन माफ करायला सांगा. फारच हवीहवीशी असेल तर प्रीमियममधला वाटाही मागता येतो. मोठे विक्रेते तो मिळवतात.

राखीव किंमत मात्र हवी तेवढी चढवता येत नाही. बहुतेक लिलावगृहं ती अंदाजित किंमतीच्या खालच्या आकड्यापेक्षा वर ठेवू देत नाहीत. वरच्या उदाहरणात 1,05,000 हवे असतील तर अंदाज निदान तिथून सुरू व्हायला हवा. तज्ज्ञ 80,000 ते 1,00,000 म्हणत असेल तर हट्ट धरू नका. हा अंदाज बरोबर वाटत असेल तर 90,000 ची अपेक्षा खाली आणा, वाटत नसेल तर दुसरं मत घ्या. राखीव किंमत गाठली नाही आणि वस्तू परत आली, तर काही ठिकाणी तिच्यावरही शुल्क लागतं. त्याहून वाईट म्हणजे न विकल्याची नोंद राहते. पुढच्या लिलावात बोलीदार ती पाहतात आणि हात आखडता घेतात.

सही करताना तीन कलमं बोट ठेवून वाचा. राखीव किंमतीच्या खाली, समजा 10 टक्क्यांपर्यंत, विकण्याची मुभा लिलावकर्त्याला दिली आहे का, आणि दिली असेल तर फरक कोण भरणार? विक्रीआधी वस्तू मागे घेतली तर किती द्यावे लागतील? खरेदीदाराने पैसे थकवले तर तुम्हाला कधी मिळणार? बहुतेक करारांत खरेदीदाराची रक्कम जमा झाल्याशिवाय विक्रेत्याला पैसे मिळत नाहीत. तेव्हा त्या पैशावर दुसरा व्यवहार ठरवला असेल तर त्याची तारीख पुढची घ्या.