शुक्रवारची वाइन, मुरलेले चीज आणि शनिवारची अर्धशिशी

नेदरलँड्समध्ये राहायला आल्यापासून शुक्रवारी संध्याकाळी मुरलेले गौडा चीज, सलामी आणि रेड वाइन असा बेत असे, आणि शनिवारी सकाळी बहुधा अर्धशिशी उठे. चीज मुरताना त्यात तयार होणारे टायरामिन, सलामीचे मांस टिकवण्यासाठी घातलेले नायट्राइट आणि मद्य या तिन्हींवर संशय होता. परंतु त्याच रात्री जागरण होई, जेवणाला उशीर होई आणि शनिवारचा सकाळचा चहाही लांबे, आणि एवढ्यानेही अर्धशिशी उठू शकते.

म्हणून डोके दुखो वा न दुखो, मी झोप, जेवणाच्या वेळा, पाळी आणि खाणे यांची रोज नोंद ठेवली. महिनाभर तिन्ही पदार्थ बंद केले. त्यानंतर, पाळीजवळचे दिवस वगळून, झोप आणि जेवण वेळेवर झालेल्या दिवशी एकच पदार्थ ठरलेल्या मापाने, म्हणजे चीज असल्यास ३० ग्रॅम, खाऊन पुढचे २४ तास पाहिले. आणि एकदा दुखणे हा योगायोगही असू शकतो, म्हणून प्रत्येकाची चाचणी पुनःपुन्हा घेतली.

चीज आणि सलामीनंतर एरवीपेक्षा जास्त दुखले नाही. वाइनच्या एका ग्लासानंतर मात्र बहुतेक वेळा दुखले, म्हणून तेवढीच सोडली. चॉकलेटवर ठपका ठेवताना विशेष जपावे, कारण गोडाची ओढ ही कधीकधी सुरू झालेल्या अर्धशिशीचेच पहिले लक्षण असते.