पितळेची समई इंग्रजीत कुठे बसते? विशेषणांच्या क्रमाचे प्रश्न सोडवताना मला काय उमगलं

माझी प्राथमिक शाळा डिचोली तालुक्यातली, मराठी माध्यमाची. पाचवीपासून सगळं इंग्रजीत. गोव्यात आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांचा प्रवास असाच झाला. त्यामुळे इंग्रजी वाचता येतं, कार्यालयात अर्ज लिहिता येतो, पण बारीक जागी कान मराठीचाच राहतो. एलडीसीच्या, म्हणजे कनिष्ठ लिपिकाच्या परीक्षेची तयारी करताना ही गोष्ट मला सर्वांत जास्त नडली ती एका छोट्याशा प्रश्नप्रकारात. नामाआधी तीन-चार विशेषणं दिलेली असतात, चार पर्याय असतात आणि योग्य क्रमाचा पर्याय निवडायचा असतो.

पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून मी आधी तो क्रमच पाठ केला. मत, मग आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, कशाचं बनलंय ते आणि शेवटी उपयोग. तो मला झोपेतही म्हणता येई. तरी सराव परीक्षेत पाचांतले दोन-तीन प्रश्न चुकत, आणि जे बरोबर येत त्यांनाही दीड-दोन मिनिटं लागत. प्रत्येक पर्यायातल्या प्रत्येक शब्दावर मी मनात क्रमांक टाकत बसे. चार पर्याय, प्रत्येकात चार विशेषणं, म्हणजे सोळा शब्द. संगणकावरच्या परीक्षेत घड्याळ समोरच उलटं पळत असतं, तिथे हे परवडत नाही.

माझी मावसबहीण तेव्हा मामलेदार कचेरीत लागून दोन वर्षं झाली होती. गणपतीला घरी आली तेव्हा मी तिला वही दाखवली. तिने एकच प्रश्न बोटाने दाखवला:

माय ग्रँडमदर हॅज ____ लॅम्प.
1) अ ब्रास बिग ओल्ड
2) अ बिग ओल्ड ब्रास
3) ॲन ओल्ड बिग ब्रास
4) अ बिग ब्रास ओल्ड

मी पहिला पर्याय निवडला होता. ताई म्हणाली, "हे वाक्य आधी मराठीत म्हण बघू."

मी म्हटलं, "आजीकडे पितळेची मोठी जुनी समई आहे."

"बघ, पितळेची पहिली आली ना? तू क्रम चुकवला नाहीस रे, तू मराठी बोललास."

त्या वाक्याने मला जे कळलं ते पाठ केलेल्या यादीतून कधीच कळलं नसतं. मराठीत वस्तू कशाची आहे आणि कुठली आहे, हे आपण बरेचदा चा-ची-चे लावून सांगतो. पितळेची, मातीचं, चांदीचा, गोव्याचे, रत्नागिरीचा. आणि असा शब्द आपल्याकडे सहज पुढे जातो: मातीचं छोटं मडकं, गोव्याचे तांबडे तांदूळ, रत्नागिरीचा मोठा हापूस. यात काहीच खटकत नाही. इंग्रजीत मात्र हेच दोन प्रकारचे शब्द, पदार्थाचे आणि ठिकाणाचे, नामाला अगदी चिकटून बसतात. म्हणजे आपल्या वाक्यात जे सर्वांत पुढे, ते तिथे सर्वांत मागे.

गंमत अशी की मराठीतच चा-ची-चे काढून खरं विशेषण घेतलं तर कान लगेच सुधारतो. "पितळी मोठी जुनी समई" जरा अडखळते, "मोठी जुनी पितळी समई" सरळ जाते. "लाकडी सुंदर टेबल" कोणी म्हणत नाही, "सुंदर लाकडी टेबल" म्हणतात. म्हणून अजूनही अडलो की मी मनात पितळेचीचं पितळी करतो, लाकडाचंचं लाकडी करतो, गोव्याचंचं गोमंतकीय करतो. मग मराठी कानही इंग्रजीच्या बाजूने साक्ष देतो.

या मागचं कारणही समजण्यासारखं आहे. नामाच्या जवळ ते गुण बसतात जे वस्तूपासून वेगळे काढता येत नाहीत. समई पितळेची आहे ही तिची घडणच आहे, ती कोणाच्या बघण्याने बदलत नाही. मोठी की लहान हे कशाशी तुलना केली त्यावर ठरतं. सुंदर आहे की नाही हे तर बोलणाऱ्याचं मत, म्हणून ते सर्वांत लांब, सुरुवातीला. कोणता शब्द कुठे हे आठवलं नाही तरी दोन शब्दांपैकी वस्तूचा कोणता आणि बोलणाऱ्याचा कोणता, एवढं विचारलं की बहुतेक जोड्या सुटतात.

आता सोडवायची पद्धत. ताईने सांगितलं की पुढून मोजू नकोस, नामाकडून उलटा ये. वरच्याच प्रश्नात नाम लॅम्प. त्याला चिकटून ब्रास हवं. पहिल्या पर्यायात बिग ओल्ड लॅम्प, चौथ्यात ओल्ड लॅम्प, दोन्ही बाद. उरले दुसरा आणि तिसरा. आता पूर्ण क्रम तपासायचा नाही. दोघांत फरक कुठे आहे तेवढंच बघायचं. फरक बिग आणि ओल्डच्या जागेचा आहे. आकारमान वयाच्या आधी, म्हणून अ बिग ओल्ड ब्रास लॅम्प, दुसरा पर्याय. हे करायला मला आता वीस सेकंद लागतात.

फक्त फरकाची जोडी बघायची, यात आणखी एक मोठा फायदा आहे. वय आधी की आकार आधी, याबद्दल व्याकरणाची पुस्तकं एकमेकांशी जुळत नाहीत. काही ओल्ड राउंड लिहितात, काही राउंड ओल्ड. मी यावर किती संध्याकाळी घालवल्या. पण पर्याय बघा:

शी बॉट ____ टेबल.
1) अ राउंड वुडन ब्यूटिफुल ओल्ड
2) अ ब्यूटिफुल ओल्ड राउंड वुडन
3) अ ब्यूटिफुल वुडन ओल्ड राउंड
4) ॲन ओल्ड ब्यूटिफुल राउंड वुडन

वुडन नामाला चिकटलेलं नाही म्हणून पहिला आणि तिसरा गेला. दुसऱ्यात आणि चौथ्यात फरक ब्यूटिफुल आणि ओल्डचा. मत आधी, म्हणून दुसरा. ओल्ड आणि राउंड यांचा वाद आलाच नाही, कारण उरलेल्या दोन्ही पर्यायांत ओल्ड राउंडच्या आधीच आहे. नीट काढलेल्या प्रश्नात वादाची जोडी एकट्याने उत्तर ठरवत नाही. म्हणून सुरुवातीलाच त्या जोडीत अडकू नका.

पर्यायाची सुरुवातही एका नजरेत बघून घ्यावी. ओल्ड, अग्ली, इंडियन असा स्वराच्या उच्चाराने सुरू होणारा शब्द पुढे असेल तर आधी ॲन लागतं. एखाद्या पर्यायात अ ओल्ड असं छापलेलं असेल तर क्रम बघायच्या आधीच तो बाद. उलट कधी कधी रिकाम्या जागेच्या आधी ॲन वाक्यातच दिलेलं असतं. तेव्हा ब्यूटिफुलने सुरू होणारे पर्याय चालणारच नाहीत.

ठिकाणाच्या शब्दाने मला सर्वांत जास्त वेळा फसवलं. आपल्याकडे जुन्या घरांवर मंगळुरी कौलं असतात. मराठीत "मंगळूरची लाल कौलं" म्हटलं तर कोणी हरकत घेणार नाही. इंग्रजीत रंग ठिकाणाच्या आधी, म्हणून ओल्ड रेड मंगलोर टाइल्स. तसंच व्हाइट जॅपनीज कार, जॅपनीज व्हाइट कार नाही. आणि ठिकाण व पदार्थ दोन्ही आले तर ठिकाण आधी: ॲन ओल्ड पोर्तुगीज वुडन चेअर. ही जोडी पर्यायांत आली की मी आता मुद्दाम एक श्वास थांबतो, कारण माझा कान इथे हमखास चुकीच्या बाजूला झुकतो.

मग येतात जोडनामं. इथे नियम मोडल्यासारखा वाटतो, पण तो मोडलेला नसतो. फ्रेंच रेड वाइन बरोबर आहे, जरी रंग ठिकाणाच्या आधी असायला हवा. कारण इथे रेड हा रंग म्हणून आलेला नाही. रेड वाइन हा वाइनचा प्रकार आहे, दोन शब्द मिळून एकच नाम. ग्रीन टी तसंच, काळी मिरी या अर्थाचं ब्लॅक पेपर तसंच, राइटिंग टेबल, स्लीपिंग बॅग तसंच. म्हणून उलटं येताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की नाम नेमकं कुठून सुरू होतं. अ वुडन राइटिंग टेबल यात नाम टेबल धरलं तर गोंधळ होतो, राइटिंग टेबल धरलं तर वुडन बरोबर जागेवर दिसतं. ओळखायची खूण सोपी आहे: मधला शब्द काढला तर वस्तूच बदलते का? ग्रीन टीमधलं ग्रीन काढलं तर साधा चहा उरतो, वेगळी वस्तू. ग्रीन शर्टमधलं ग्रीन काढलं तर तोच शर्ट राहतो.

गोल्ड आणि गोल्डन हेही एकदा नीट पाहून ठेवा. गोल्ड रिंगमध्ये गोल्ड हा धातू, तो नामाला चिकटतो. गोल्डन बहुधा रंग सांगतो, त्याची जागा रंगांच्या रांगेत.

दोन मतं एकत्र आली तर सर्वसाधारण मत आधी आणि विशिष्ट मत नंतर. अ नाइस कम्फर्टेबल चेअर, कारण नाइस कशालाही लागतं, कम्फर्टेबल मोजक्याच गोष्टींना. दोन रंग आले तर त्यांच्यात अँड येतं, ब्लॅक अँड व्हाइट. यावर फार वेळ देऊ नका, मला हे प्रश्न क्वचितच दिसले.

एक चूक मात्र क्रमाची नसून मराठीची असते आणि ती वाक्यातली चूक शोधा या प्रकारात येते. आपण "माझं हे जुनं घर" म्हणतो. इंग्रजीत माय आणि धिस एकाच नामाआधी शेजारी बसू शकत नाहीत. धिस ओल्ड हाऊस ऑफ माइन असं म्हणावं लागतं. माय धिस दिसलं की पुढची विशेषणं कितीही नीट लावलेली असोत, चूक तिथेच आहे.

एका सराव संचात दिलेलं उत्तर मला पटलं नव्हतं. किल्लीत रेड लिटल बॉक्स बरोबर दाखवलं होतं. मी चार दिवस माझा नियमच चुकतोय असं समजून परत सगळं पाठ करत बसलो. ताईने ते पाहून दुसरी दोन पुस्तकं उघडायला लावली. दोन्हींत आकारमान रंगाच्या आधी होतं, म्हणजे लिटल रेड बॉक्स. छापील किल्ली चुकू शकते. एका ठिकाणचं उत्तर नियमाशी जुळत नसेल तर नियम बदलण्याआधी आणखी दोन ठिकाणी पडताळा. खऱ्या परीक्षेत उत्तरतालिका जाहीर करून हरकती मागवल्या, तर असा प्रश्न पुराव्यासह मुदतीत पाठवा.

सरावासाठी मी प्रश्नसंचांपेक्षा घर वापरलं. रोज पाच वस्तू घ्यायच्या, त्यांचं मराठी वर्णन आपण बोलतो तसंच लिहायचं, त्यातल्या चा-ची-चे असलेल्या शब्दाखाली रेघ ओढायची आणि इंग्रजीत तो उचलून नामाजवळ ठेवायचा. मातीचं छोटं गोल मडकं, अ स्मॉल राउंड क्ले पॉट. काजूच्या लाकडाचं जुनं स्टूल, ॲन ओल्ड कॅश्यूवुड स्टूल. आजोबांची काळी मोठी छत्री, ग्रँडफादर्स बिग ब्लॅक अम्ब्रेला. या शेवटच्या वाक्यात चा-ची-चे असूनही आजोबा पुढेच राहिले, कारण छत्री आजोबांची आहे, आजोबांपासून बनलेली नाही. मालकी दाखवणारा शब्द इंग्रजीतही सर्वांत पुढेच राहतो. हा फरक कळेपर्यंत माझ्या वहीत रेघा चुकीच्या शब्दांखाली पडत होत्या.