आयईएलटीएस स्पीकिंग, पार्ट थ्री: एका वाक्यात उत्तर संपू नये म्हणून काय तयारी करायची

मागच्या वेळी परीक्षक 'व्हाय?' म्हणाली की मी कारण द्यायचो, उदाहरणही एखादं सुचायचं, पण तुलना म्हणून एकदाही केली नाही आणि दर उत्तर लगेच आटपायचं, म्हणून ही यादी. पासपोर्ट, वेळेवर पोचणं वगैरे तुम्हाला माहितीये, ते सोडून देतो.

आधी कुठे लांबवायचं ते डोक्यात पक्कं करा. अख्खी टेस्ट 11 ते 14 मिनिटांची. पार्ट वनमध्ये घर, काम, आवडीनिवडी, तिथे दोन-तीन वाक्यं पुरे, निबंध सुरू केलात तर मध्येच तोडून पुढचा प्रश्न येतो (तोडलं म्हणून गडबडू नका, त्यांना वेळ पाळायची असते). पार्ट टूचं कार्ड, 1 मिनिट तयारी, मग सलग बोलणं, त्याचा सराव सगळे करतातच. पार्ट थ्री मात्र 4-5 मिनिटांचा, विषय कार्डाशी जोडलेलाच पण प्रश्न तुमच्याबद्दल नाही तर एकूण लोकांबद्दल, आणि इथे परीक्षक तुमच्याच उत्तरातला शब्द पकडून खोदत जातात.

समजा कार्ड दुकानाबद्दल होतं आणि आता प्रश्न आला की लोक मॉलमध्ये खरेदी का करतात. 'बिकॉज इट्स कन्व्हिनियंट' एवढं बोलून थांबलात की 'इन व्हॉट वे?' येणारच. तेव्हा कन्व्हिनियंट, ईझी, कम्फर्टेबल असे भाऊबंद शब्द फिरवू नका, ते कारण नाही, तोच शब्द परत. एक पायरी खाली उतरा: गाडी लावायला जागा मिळते, भाव ठरलेला असतो त्यामुळे घासाघीस नाही, सगळं एका छताखाली. यातलं एकच घ्या आणि नीट सांगा, तिन्ही घेतलीत की यादी होते.

मग उदाहरण. माझी आई महिन्याचं सामान मॉलमधून आणते पण नारळ, कोथिंबीर कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, कारण तो सुट्टे नसतील तर 'उद्या द्या' म्हणतो. छान आहे, पण दोन वाक्यांत संपवा आणि 'आय थिंक मेनी फॅमिलीज डू धिस' म्हणून परत लोकांवर या, नाहीतर पार्ट थ्रीचा पार्ट वन होतो.

आणि आता तुलना. तुलना. इथेच मी आपटलो म्हणून परत सांगतो, तुलना! कारण दिल्यावर उत्तर पूर्ण झाल्यासारखं वाटतं आणि आपण तोंड मिटतो. 'पूर्वी लोक रोज मंडईत जायचे, आता आठवड्याचं एकदम आणतात, तरी म्हातारी माणसं अजून ओळखीच्या दुकानदारालाच धरून आहेत.' एवढं इंग्रजीत बोललात की यूझ्ड टू आलं, व्हेअरॅज आलं, स्टिल आलं, म्हणजे भूतकाळ-वर्तमानकाळ दोन्ही, तेही ओढूनताणून नाही. ग्रामरला चारातला एक भाग मार्क आहेत आणि त्यात नुसतं बरोबर नाही, किती प्रकारची वाक्यं वापरता तेही बघतात. कारणात बहुतेक एकच साधा वर्तमानकाळ फिरत राहतो, तुलनेत तो आपोआप सुटतो.

म्हणून घरी उत्तरं पाठ करू नका (ती ओळखू येतात), तुलनेच्या जोड्या पाठ करा: पूर्वी-आता, शहर-गाव, तरुण-म्हातारे, पैसेवाले-बाकीचे. कुठलाही विषय आला, शिक्षण, प्रवास, जेवण, यातली एक जोडी लागतेच. फक्त प्रत्येक उत्तरात पूर्वी-आता नको, पाठांतरासारखं वाटतं. परीक्षकांनी स्वतः 'छोटी दुकानं बंद पडतील का?' विचारलं तर ते भविष्याबद्दल आहे, तिथे शहर-गाव घ्या: शहरात कदाचित कमी होतील, गावात मॉलच नाही तर कुठे जाणार. 'येस, आय थिंक सो' वर थांबायचं नाही म्हणजे नाही.

सराव फोनवर रेकॉर्ड करून. मित्राला फक्त 'व्हाय' आणि 'फॉर एक्झाम्पल' विचारायला सांगा, मग ऐकताना एकच बघा की तुलना आली का. नाही आली? तोच प्रश्न परत.

आदल्या दिवशी नवीन काही नको, जोड्यांवर नजर टाका, झोपा. टेस्टमध्ये मत खरंच तुमचं आहे का याला मार्क नाहीत, सुचेल ते धरा. पार्ट थ्रीचा प्रश्न कळला नाही तर 'कुड यू रिफ्रेज दॅट?' म्हणा, चालतं. उत्तर संपलं की संपलं, परीक्षक बघतायत म्हणून तेच परत घोळवत बसू नका. पण संपवायच्या आधी, तुलना झाली का?