जेड लिझर्ड: वरचा धोका नेमका कोण भरतो

एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी ऑप्शन्स शिकायला लागले. शिकवणारे होते माझ्या मावशीचे यजमान. दांडिया बाजारात त्यांचं जुनं घर आहे; माडीवरच्या खोलीत टेबलावर एक लांबट हिशोबाची वही असायची. काकांचा नियम एकच होता: कोणतंही स्ट्रक्चर लावण्याआधी एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपताना, निफ्टी कुठे कुठे असू शकेल ते डावीकडे लिहायचं आणि प्रत्येक आकड्यासमोर प्रत्येक लेगचं, म्हणजे त्यातल्या एकेका ऑप्शनचं, काय होईल ते हाताने मांडायचं. जेड लिझर्ड हे ऑप्शन्सचं असंच एक स्ट्रक्चर. ते मला त्या वहीतच कळलं, म्हणून इथेही तसंच सांगते.

यात तीन लेग असतात, तिन्ही एकाच एक्स्पायरीचे. पुट म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क, कॉल म्हणजे ठरलेल्या भावाला घेण्याचा हक्क. खाली एक पुट विकायचा. वर एक कॉल विकायचा आणि त्याच्याही वरचा एक कॉल विकत घ्यायचा. म्हणजे उघडा पुट आणि वर झाकलेला कॉल स्प्रेड. माझ्या सौद्याचे आकडे सोयीसाठी गोल करून देते. निफ्टी २४,००० ला, एक्स्पायरीला महिना बाकी. २३,५०० चा पुट १६५ ला विकला. २४,५०० चा कॉल १९० ला विकला आणि २४,७०० चा कॉल १३० ला घेतला. कॉल स्प्रेडचे ६० आणि पुटचे १६५, मिळून हातात २२५ अंक आले. तेव्हा लॉट ७५ चा होता, म्हणजे एका लॉटमागे १६,८७५ रुपये.

आता वही. निफ्टी २३,५०० ते २४,५०० च्या मध्ये कुठेही थांबला तर तिन्ही ऑप्शन्स शून्य होतात आणि २२५ पूर्ण आपले. निफ्टी २५,३०० ला गेला असं धरा. विकलेल्या कॉलवर ८०० द्यायचे, घेतलेल्या कॉलवर ६०० मिळतात, निव्वळ २०० गेले. पुट शून्य. २२५ मधून २०० वजा, उरले २५. काकांनी खाली २६,००० लिहिलं आणि म्हणाले, "आता तू मांड." १,५०० द्यायचे, १,३०० घ्यायचे, पुन्हा २०० च. मग २८,०००. पुन्हा २०० च. तिथे मी पेन ठेवलं, कारण पुढे कितीही मोठा आकडा लिहिला तरी तेच येणार होतं. कॉल स्प्रेड त्याच्या रुंदीपेक्षा जास्त तोटा देऊच शकत नाही, आणि ती रुंदी आपण आधीच वसूल केलेली आहे.

अट इतकीच: एकूण मिळालेला प्रीमियम कॉल स्प्रेडच्या रुंदीएवढा किंवा जास्त हवा. नवखी मंडळी नेमकी इथे घसरतात, कारण स्ट्रक्चरचा आकार पाठ होतो आणि बेरीज राहून जाते. मी त्याच दिवशी २४,७०० ऐवजी २४,८०० चा कॉल १०५ ला घेतला असता, तर स्प्रेडचे ८५ आणि पुटचे १६५ मिळून २५० आले असते. प्रीमियम जास्त, म्हणून मनाला बरं वाटतं. पण रुंदी ३०० झाली. वर गेल्यावर ५० अंकांचा तोटा, म्हणजे लॉटमागे ३,७५० रुपये. दिसायला तेच तीन लेग, पण वरचा धोका उघडा राहिला.

स्प्रेडच्या ६० अंकांनी २०० ची रुंदी कधीच भरत नाही हेही लक्षात घ्या. उरलेले पैसे पुट देतो. निर्देशांकाचे खालचे पुट्स तेवढ्याच अंतरावरच्या कॉल्सच्या मानाने बहुतेक वेळा जास्त अस्थिरता धरून विकले जातात, कारण पडझडीचा विमा घ्यायला गिऱ्हाईक कायम असतं. त्या महाग विम्याचे पैसे आपण वरच्या बाजूच्या भरपाईला लावतो. वरचा धोका हवेत विरत नाही. त्याची किंमत पुटने आगाऊ भरलेली असते.

हे नीट न समजल्यामुळे माझं नुकसान झालं. सौदा लावल्यावर दहा-बारा दिवसांत निफ्टी २४,३०० च्या आसपास गेला आणि १६५ ला विकलेला पुट ६० ला आला. १०५ अंक फायदा समोर दिसत होता. मी तो पुट परत घेतला आणि कॉल स्प्रेड तसाच ठेवला. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की वर धोका नाही, खालचा धोका आता मी काढला, म्हणजे काळजीच मिटली. एक्स्पायरीला निफ्टी २४,७०० च्या वर बंद झाला. स्प्रेडवर १४० गेले, पुटवर १०५ आले, ३५ अंकांचा तोटा. लॉटमागे २,६२५ रुपये.

काकांना वही दाखवली तेव्हा त्यांनी फक्त २५ या आकड्याभोवती गोल केला. "हे तुझं बजेट होतं गं. पुट परत घ्यायला तू ६० दिलेस." तो गोल मला अजून दिसतो. प्रीमियममधून रुंदी वजा केल्यावर जे उरतं, तेवढ्यातच वरच्या बाजूची प्रत्येक दुरुस्ती बसवायची असते. पुट २० ला आला असता आणि मी घेतला असता, तर २०५ हातात राहिले असते आणि वरची बाजू शाबूत राहिली असती. ६० ला घ्यायचाच होता, तर कॉल स्प्रेडही सोबत बंद करायला हवा होता. ब्रोकरेज, एसटीटी हा सौद्यावरचा कर आणि भावातली घसरही याच २५ मधून जाते, म्हणून दोन-तीनच अंक उरत असतील तर मी तो सौदा आता घेतच नाही.

ऑर्डर टाकताना आधी वरचा कॉल विकत घ्या, मग बाकीचे दोन विका. नाहीतर मध्येच कॉल उघडा राहतो आणि मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवावी लागणारी रक्कम, तीही जास्त अडकते. पुट मात्र उघडाच आहे, त्यामुळे मार्जिनचा मोठा भाग त्याचा लागणारच.

आणि खालची बाजू. इथे ब्रेकइव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा अशी पातळी, २३,५०० वजा २२५, म्हणजे २३,२७५. निफ्टी २२,८०० ला गेला तर ७०० द्यायचे, २२५ मिळालेले, ४७५ अंक तोटा, लॉटमागे ३५,६२५ रुपये. आणि खाली थांबवणारा कोणी नाही. २०२४ ची लोकसभा निवडणूक आठवून पाहा. ३ जूनला निफ्टी सुमारे ७३० अंक वर जाऊन २३,२६४ च्या आसपास बंद झाला. दुसऱ्या दिवशी, निकालाच्या दिवशी, तो सुमारे १,३८० अंक पडून २१,८८५ जवळ बंद झाला. ३ जूनच्या चढीत जेड लिझर्डवाला कितीही निर्धास्त असला, तरी त्या संध्याकाळी २२,७५० चा पुट विकलेला असेल तर चोवीस तासांत तो पुट ८६५ अंक आत गेला होता, म्हणजे निफ्टी त्याच्या भावाच्या तेवढा खाली होता. म्हणून निकाल, बजेट अशा तारखा मध्ये येत असतील तर मी हे स्ट्रक्चर लावत नाही, पुटचा प्रीमियम तेव्हाच सगळ्यात जास्त दिसत असला तरी.

सुरुवात निर्देशांकावरच करा. निफ्टीचे ऑप्शन्स युरोपियन पद्धतीचे, म्हणजे फक्त एक्स्पायरीलाच वापरता येणारे, आहेत आणि हिशोब रोखीत होतो, त्यामुळे वहीतलं गणित जसंच्या तसं लागू पडतं. एखाद्या कंपनीच्या शेअरवर हेच लावलंत आणि पुट आत गेला, तर एक्स्पायरीला पूर्ण लॉटचे शेअर्स उचलावे लागतात, आणि तेवढे पैसे खात्यात हवेत.

माझी वही आता दुसरी चालू आहे. प्रत्येक सौद्याच्या पानावर सगळ्यात वर मी तीनच आकडे लिहिते: आलेला प्रीमियम, स्प्रेडची रुंदी आणि दोघांतला फरक. तिसऱ्या आकड्याभोवती गोल.