गाव वाढलं म्हणून नगरपंचायत मागताय? आधी या चुका टाळा

"आमचं गाव 2011 च्या जनगणनेतच शहर म्हणून मोजलं गेलंय, मग अजून ग्रामपंचायतच कशी?" मोठ्या शहरालगतच्या किंवा एमआयडीसीजवळच्या गावांत हा प्रश्न हमखास ऐकायला मिळतो. प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. नगरपंचायतीचे बरेच प्रस्ताव या गल्लतीमुळेच सुरुवातीला चुकतात. इथे मी फक्त महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीचा विचार केला आहे, कारण लोकसंख्येचे आकडे आणि निकष प्रत्येक राज्याच्या कायद्यात वेगळे आहेत.

सेन्सस टाऊन म्हणजे नगरपालिका नव्हे

सेन्सस टाऊन हा जनगणना विभागाने मोजणीपुरता लावलेला शिक्का आहे. त्यासाठी तीन अटी असतात. लोकसंख्या किमान 5,000 हवी, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं हवीत, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात हवेत. 'मुख्य काम' म्हणजे वर्षातले सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ केलेलं काम. या तिसऱ्या अटीत बायकांची गणतीच नाही. गावातले पुरुष कंपनीत किंवा रिक्षावर आणि बायका शेतात, असं चित्र असलं तरी गाव 'शहर' ठरतं. 2001 मध्ये देशात अशी 1,362 गावं होती. 2011 मध्ये ती सुमारे 3,900 झाली. महाराष्ट्रात तर त्या जनगणनेत शहर म्हणून मोजलेल्या ठिकाणांपैकी निम्म्याहून अधिक सेन्सस टाऊनच होती.

या शिक्क्याने कारभारात काहीच बदलत नाही. सरपंच तोच, ग्रामसभा तीच, योजनाही ग्रामीणच. नगरपंचायत किंवा नगरपरिषद होते ती राज्य शासनाच्या अधिसूचनेने. तिचा आधार राज्यघटनेचा अनुच्छेद 243 क्यू आणि महाराष्ट्राचा 1965 चा नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम. त्यामुळे अर्जात 'आम्ही सेन्सस टाऊन आहोत' एवढंच लिहून पाठवलं, तर कायद्याच्या अटींबद्दल काहीच न सांगितल्यासारखं होतं.

लोकसंख्या आजची धरणं

मी पाहिलेली सगळ्यात महागात पडणारी चूक ही. गावात नव्या सोसायट्या उभ्या राहिल्या, मतदार यादी दुप्पट झाली, नळजोडण्यांचा हिशेब 30,000 माणसांचा निघतो, म्हणून प्रस्तावात 30,000 लिहिलं जातं. पण घटनेने लोकसंख्येची व्याख्याच बांधून दिली आहे. ज्या जनगणनेचे आकडे शेवटचे प्रसिद्ध झाले, तोच आकडा लोकसंख्या म्हणून धरायचा. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजही 2011 चाच आकडा लागू होतो. मतदार यादी, आधार, घरपट्टीची खाती हे सगळं प्रस्तावाला जोडावं, वाढ दाखवायला ते उपयोगी पडतं. मात्र उंबरठा ओलांडला की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

नगरपंचायतीसाठी लोकसंख्या 10,000 ते 25,000 च्या दरम्यान लागते. गाव महानगरपालिकेच्या किंवा 'अ' वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीपासून 25 किलोमीटरच्या आत असेल, तर शेतीबाहेरचा रोजगार किमान 25 टक्के हवा. त्यापलीकडे असेल तर 50 टक्के. तालुक्याच्या मुख्यालयांना यातून वेगळी वाट दिलेली आहे. लोकसंख्या 25,000 च्या वर गेली की नगरपरिषदेचा विचार सुरू होतो.

एक उदाहरण मांडून बघू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. एका गावाची 2011 ची लोकसंख्या 9,400, क्षेत्र 6.2 चौरस किलोमीटर. म्हणजे घनता 1,500 च्या वर. मुख्य काम करणारे पुरुष 2,600, त्यातले 2,080 शेतीबाहेर, म्हणजे 80 टक्के. हे गाव सेन्सस टाऊन नक्की. पण नगरपंचायतीच्या 10,000 ला ते 600 माणसांनी कमी पडतं. प्रत्यक्षात तिथे आज कितीही माणसं राहत असोत, एकट्या गावाचा प्रस्ताव टिकत नाही.

मग लगतचं 2,300 वस्तीचं गाव सोबत घ्यायचं ठरतं आणि बेरीज 11,700 होते. आता रोजगाराचा हिशेब नव्याने करावा लागतो, आणि तो फक्त पुरुषांचा धरून चालत नाही. कायदा 'शेतीबाहेरील रोजगार' म्हणतो, पुरुष म्हणत नाही. मोठ्या गावात 900 बायका काम करतात, त्यातल्या 400 शेतीबाहेर. म्हणजे तिथे एकूण 3,500 पैकी 2,480. शेजारच्या गावात 1,000 काम करणारे, त्यातले फक्त 150 शेतीबाहेर. दोन्ही मिळून 4,500 पैकी 2,630, म्हणजे साधारण 58 टक्के. गाव 25 किलोमीटरच्या आत असो की बाहेर, अट पूर्ण होते.

कागद जुळला. पण शेजारच्या गावातले 850 जण शेतीवर जगतात, याचा विचार इथेच थांबून करायला हवा.

शेजारच्या गावाला न विचारता ओढून घेणं

केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमीत 'ग्रामीण क्षेत्र' म्हणजे नागरी स्थानिक संस्थेच्या हद्दीबाहेरचा भाग. सेन्सस टाऊन असेपर्यंत गावाला ही कामं मिळतात. नगरपंचायतीची अंतिम अधिसूचना निघाली की मिळत नाहीत. ग्रामीण घरकुलाचंही तसंच. ग्रामीण घरकुलाच्या प्रतीक्षेच्या 'ड' यादीत नाव असलेल्या कुटुंबाला आता शहरी घरकुल योजनेत नव्याने अर्ज करावा लागतो, आणि तिथे जागेच्या मालकीचे कागद मागितले जातात. गावठाणात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अनेकांकडे ते नसतात. जलजीवन मिशनची नळयोजना अर्धवट असेल, तर पुढचा खर्च कुणी करायचा यावर जिल्हा परिषद आणि नवी नगरपंचायत यांच्यात पत्रव्यवहार सुरू होतो आणि टाकी तशीच उभी राहते.

म्हणून ठराव करण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याने तीन याद्या काढून ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात: गेल्या दोन वर्षांत रोजगार हमीवर प्रत्यक्ष काम केलेली कुटुंबं, घरकुलाच्या प्रतीक्षा यादीतली नावं, आणि अपूर्ण कामं त्यांच्या शिल्लक निधीसह. पहिल्या दोन याद्या लांबलचक असतील, तर गाव अजून पुरतं शहर झालेलं नाही, मग जनगणना काहीही म्हणो. माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी शेजारचं गाव जोडण्यापेक्षा पुढच्या जनगणनेच्या आकड्यांची वाट पाहावी. ते आकडे आले की वरच्या उदाहरणातलं मोठं गाव स्वतःच्या बळावर 10,000 ओलांडेल.

याला वेळेचीही बाजू आहे. जनगणना 2027 साठी देशभरातल्या प्रशासकीय सीमा 1 जानेवारी 2026 ते 31 मार्च 2027 या काळात गोठवल्या आहेत. या काळात हद्द बदलता येत नाही, हे माहीत नसलेली मंडळी मंत्रालयाच्या फेऱ्या मारून थकतात. हा काळ वरच्या याद्या आणि कराची नोंदवही नीट करण्यात घालवावा.

घरपट्टीची नोंदवही तशीच पुढे सोपवणं

नगरपंचायत झाल्यावर पहिला भडका उडतो तो घरपट्टीवरून. त्याचं कारण बहुधा दर नसतो, 'नमुना 8' असतो. ग्रामपंचायतीच्या या आकारणी नोंदवहीत पत्र्याचं घर म्हणून नोंद असते आणि जागेवर तीन मजली इमारत व खाली पाच गाळे असतात. जोवर ग्रामपंचायत आहे, तोवर ते चालून जातं. नगरपंचायत आली की मुख्याधिकारी नव्याने मोजमाप करून घेतात, चतुर्वार्षिक आकारणी होते, आणि काही शेचं बिल एकदम कित्येक पटींनी वाढतं. लोकांना वाटतं, नगरपंचायतीने लुटलं. खरं तर त्यात जुनी चुकलेली मोजणी आणि नवा दर हे दोन्ही एकत्र आलेले असतात. प्रस्तावाआधीच्या वर्षी ग्रामपंचायतीनेच फेरमोजणी केली, तर लोकांना वाढ कशाची आहे ते कळतं, आणि नव्या संस्थेला स्वतःचं उत्पन्न किती मिळेल याचा खरा अंदाजही येतो. उत्पन्न हा अनुच्छेद 243 क्यू मधला एक निकष आहेच.

शहरात जाण्याची ही नाराजी किती लांब जाऊ शकते, ते पुण्याजवळ दिसलं. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं 2017 मध्ये पुणे महानगरपालिकेत आली. कर शहराच्या दराने, सोयी मात्र मागे, अशी तक्रार वाढत गेली, आणि अखेर 2024 मध्ये दोन्ही गावं महापालिकेतून काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. म्हणजे सात वर्षांत तिसरा कारभार. मोठ्या शहरात सामील व्हायचं की स्वतःची संस्था मागायची, याची चर्चा ग्रामसभेत ठरावाच्या आधी व्हायला हवी.

उद्घोषणेनंतरचे तीस दिवस वाया घालवणं

शासन थेट अंतिम अधिसूचना काढत नाही. आधी उद्घोषणा निघते. ती राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात येते, आणि किमान 30 दिवसांची मुदत देऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकती मागवल्या जातात. इथे दोन गोष्टी बिघडतात. जाहिरात कुणी वाचतच नाही, किंवा शेकडो सह्यांचं 'आमचा विरोध आहे' एवढंच निवेदन जातं. कायदा हरकतीसोबत कारण मागतो. 'गट क्रमांक अमुक ते तमुक हा भाग पूर्ण शेतीचा आहे, मुख्य वस्तीपासून ओढ्याने तुटलेला आहे, तो हद्दीतून वगळावा' अशी नकाशा जोडलेली एकच हरकत सुनावणीत जास्त वजनाची ठरते. उद्घोषणेतली चतुःसीमा सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकांशी ताडून पाहणं हे या तीस दिवसांतलं मुख्य काम. वाडी एका बाजूला आणि तिचं गायरान दुसऱ्या बाजूला, असं खरंच घडतं.

उद्घोषणा निघाल्याचं कळताच ग्रामपंचायतीत घाईने माणसं कामावर घेण्याचा प्रकारही होतो. ती नंतर नगरपंचायतीच्या आकृतीबंधात, म्हणजे मंजूर पदांत, सामावली जातील, अशी आशा दाखवलेली असते. समावेशनाच्या वेळी नेमणुकीची तारीख, ठराव, शिक्षण आणि पगाराच्या नोंदी तपासल्या जातात. घाईच्या नेमणुका तिथे बाद होतात, आणि पंधरा वर्षं नळ सोडणारा खरा कर्मचारी कागद अपुरे म्हणून त्यांच्याच रांगेत अडकतो. त्याची सेवापुस्तिका आत्ताच पूर्ण करून घ्या.

ग्रामसभा गेल्याचं नंतर लक्षात येणं

अंतिम अधिसूचनेनंतर ग्रामपंचायत संपते आणि निवडणूक होईपर्यंत प्रशासक बसतो, बहुतेकदा तहसीलदार. पुढे 17 नगरसेवक, नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी येतात. नगरपंचायत नियोजन प्राधिकरण होते, विकास आराखडा तयार होतो आणि बांधकाम परवानगी तिथेच मिळते. बेशिस्त वाढीला आवर घालायला हे हवंच. पण उभं राहून हिशेब विचारता येईल अशी ग्रामसभा नगरपंचायतीत नसते. त्यामुळे शेवटच्या ग्रामसभेत गायरान, स्मशानभूमी, तलाव, खेळाचं मैदान आणि कचऱ्याची जागा यांचे गट क्रमांक व क्षेत्रफळ ठरावात लिहून घ्या. त्या ठरावाच्या सही-शिक्क्याच्या प्रती तहसील आणि नगररचना कार्यालयात देऊन पोच घ्या. विकास आराखड्याचा प्रारूप नकाशा लागेल तेव्हा आरक्षणं ताडून पाहायला हाच कागद लागणार आहे.