गोड लागले की गोडी लागली? वाक्यातले भाववाचक नाम कसे ओळखावे

जळगावात भरतीच्या अभ्यासाला आलेला विद्यार्थी भाड्याने घेतो ती खोली, आणि तापीच्या डोहाची असते तीही खोली. पहिली खोली सामान्यनाम आहे, दुसरी भाववाचक नाम. शब्द तोच, लिंग तेच, शुद्धलेखन तेच. म्हणून ‘खोली’ या सुट्या शब्दाचा प्रकार विचारला तर प्रश्नच अपुरा ठरतो, आणि भाववाचक नामांच्या याद्या पाठ करून परीक्षेला बसणारा नेमका इथे अडकतो. याद्यांतले शब्द सुटे असतात आणि प्रश्नातले वाक्यात असतात.

तीन प्रकारांची ओळख थोडक्यात करून घेऊ. तापी, रावेर, सातपुडा ही एकेकाची नावे, म्हणून विशेषनामे. नदी, गाव, डोंगर ही त्या जातीतल्या कुणालाही लागू पडणारी नावे, म्हणून सामान्यनामे. या दोन्हींना मिळून धर्मिवाचक म्हणतात, कारण ती वस्तूला किंवा व्यक्तीला, म्हणजे गुण धारण करणाऱ्याला नाव देतात. त्या धर्मीच्या अंगचा गुण, त्याची स्थिती किंवा कृती यांना स्वतंत्र नाव दिले की ते धर्मवाचक, म्हणजेच भाववाचक नाम. पाणी, सोने, कापूस यांना हात लावता येतो, तेव्हा ती सामान्यनामांतच जातात. एवढे पक्के असले की पुढचे सगळे काम वाक्यात करायचे.

सुरुवातीला बहुतेक जण शब्दाचे शेपूट पाहतात. -पणा, -त्व, -ता, -य, -की, -गिरी, -वा, -आई, -ई हे प्रत्यय दिसले की भाववाचक. मोठेपणा, नम्रता, शौर्य, माणुसकी, गोडवा, चपळाई या शब्दांपुरते हे जमते. पण तवा, टाकी आणि शाई यांची शेपटेही तशीच दिसतात. ‘कविता’ हा शब्द तर कवीला -ता लागूनच झालेला आहे, तरी ‘वहीत चार कविता लिहिल्या’ या वाक्यात ते सामान्यनाम आहे आणि ‘कविता अमळनेरला गेली’ या वाक्यात विशेषनाम.

सगळ्यांत फसवा प्रत्यय -ई. तो दोन्ही दिशांनी काम करतो. विशेषणाला लागला तर भाववाचक नाम होते : गरीब–गरिबी, श्रीमंत–श्रीमंती, थंड–थंडी. नामाला लागला तर बऱ्याचदा विशेषण होते : आनंद–आनंदी, लोभ–लोभी, खानदेश–खानदेशी. म्हणून पर्यायांत ‘गरिबी’ आणि ‘आनंदी’ शेजारी ठेवले की चुकीचे उत्तर हमखास निघते. ई काढून काय उरते ते पाहा. ‘गरीब’ हे विशेषण उरले, तेव्हा गरिबी हे नाम. ‘आनंद’ हे नाम उरले, तेव्हा आनंदी हे विशेषण. (लिहिताना ‘गरीबी’ करू नये. ई लागली की आधीची री ऱ्हस्व होते.)

आता मुख्य भाग. दोन वाक्ये घ्या.

कळण्याची भाकरी मला गोड लागली.
कळण्याच्या भाकरीची मला गोडी लागली.

पहिल्यात भाववाचक नाम नाही, दुसऱ्यात आहे. पुरावा क्रियापदात सापडतो. भाकरीच्या जागी मांडा ठेवा. ‘मांडा मला गोड लागला’ असे क्रियापद लगेच बदलते, म्हणजे ते मांड्याच्या मागे जात होते आणि ‘गोड’ हे नुसते विशेषण होते. दुसऱ्या वाक्यात मात्र ‘मांड्याची मला गोडी लागली’ असेच राहते. मांडा पुल्लिंगी असूनही ‘लागली’ हलले नाही, कारण इथे लागणारी गोष्ट गोडी आहे. क्रियापदाची सूत्रे जिच्या हातात, ते नाम.

वाटणे, येणे, लागणे, होणे या क्रियापदांपाशी भाववाचक नामे दबा धरून बसलेली असतात. मराठीत माणूस ‘मला, तिला, आजीला’ असा बाजूला होतो आणि भाव स्वतःच कर्त्याच्या जागी येऊन बसतो. आजीला राग आला, आजीला कीव आली, आजीला हसू आले. आजी तीच, पण आला–आली–आले हे बदलत गेले, म्हणजे राग, कीव आणि हसू ही नामे आहेत. भूक लागली, कंटाळा आला, भीती वाटली, आठवण झाली यांतही हेच घडते. या शब्दांना ओळखीचा प्रत्यय नसतो, म्हणून शेपूट पाहणाऱ्याच्या नजरेतून हीच नामे निसटतात. ‘मला बरे वाटले’ यातले ‘बरे’ मात्र नाम नव्हे. बरे वाटले, छान वाटले, हलके वाटले : शब्द बदलला तरी ‘वाटले’ कायम.

क्रियापदाने साथ दिली नाही तर दुसरी कसोटी लावायची. शब्दाच्या आधी कशाचा, कशाची किंवा कशाचे बसते का ते पाहायचे. ‘भाकरीची गोडी’ म्हणता येते, ‘भाकरीची गोड’ म्हणता येत नाही. अर्थात ‘भाकरीची टोपली’ही म्हणता येते, तेव्हा लगेच पुढचा प्रश्न : ती भाकरीपासून वेगळी उचलून नेता येईल का? टोपली नेता येईल. गोडी भाकरीतून काढून फडक्यात बांधता येत नाही. डोहाची खोली तिथेच राहते, भाड्याच्या खोलीला कुलूप लावता येते. ‘ती मजुरी करते’ यात कृती आहे, म्हणून भाववाचक. ‘आठवड्याची मजुरी हातात पडली’ यात नोटा आहेत, म्हणून सामान्यनाम.

भाववाचक नामाचे अनेकवचन होत नाही, ही कसोटी पुस्तकांत भेटते. ती अर्धीच कामाची आहे. शौर्य, माणुसकी, थकवा यांना ती लागते. इच्छा, भावना, अडचणी, चुका यांची अनेकवचने रोज तोंडात असतात, तरी ती भाववाचकच आहेत. अनेकवचन दिसले म्हणून शब्द बाद करू नये.

माणसांची नावे हा खानदेशातच काय, सगळ्या महाराष्ट्रातला सापळा. आशा, विश्वास, प्रगती, शांती, शोभा. इथे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे जे सामान्यरूप होते ते मदतीला येते. ‘आशाने अर्ज भरला’ ही बाई आहे. ‘आशेने अर्ज भरला’ ही मनातली आशा. ‘विश्वासला विचारा’ हा माणूस, ‘विश्वासाला तडा गेला’ हा भाव. आजच्या गद्यात विशेषनाम बहुधा मूळ रूपातच प्रत्यय घेते. पण उलट दिशेने जाऊ नका : बोलण्यात ‘रामाने’ म्हणतो तसे कुणी ‘विश्वासाने दार उघडले’ असे माणसाबद्दलही लिहू शकतो. रूप बदललेले नसेल तर माणूस नक्की, बदललेले असेल तर अर्थ पाहावा. शांती, प्रगती या ईकारान्त नावांत हा फरक दिसतच नाही. तिथे ‘कोणी?’ विचारायचे की ‘कशाने?’ एवढेच ठरवायचे. ज्यांच्या घरी अहिराणी आहे त्यांना ‘माले, तुले’ची सवय असते. प्रश्नपत्रिका मात्र प्रमाण मराठीत असते, म्हणून थकवा–थकव्याला, ओलावा–ओलाव्यात, तहान–तहानेने ही रूपे वेगळी घोटून घ्यावी लागतात.

आणखी एक ठरलेला पेच : शूर, शूराने, शूरपणे, शौर्य. ‘शूर शिपाई’मध्ये विशेषण. ‘शूराने माघार घेऊ नये’ यात विशेषणाला विभक्ती लागून ते शूर माणसाचे नाव झाले, म्हणजे सामान्यनामासारखे वापरले गेले, भाववाचक नव्हे. ‘शूरपणे लढला’ यात क्रियाविशेषण. उरले शौर्य. ‘शूरपणे’च्या जागी ‘शूरपणाने’ असते तर? तेव्हा ‘शूरपणा’ हे भाववाचक नाम आणि त्याला तृतीयेचा -ने. एका ‘णा’चा फरक आहे, म्हणून पर्याय अक्षर अक्षर वाचायचे.

आता हे सगळे एका उताऱ्यावर लावून पाहू.

‘रावेरच्या बागेत केळीची कापणी सुरू झाली. मजुरांच्या हातात चपळाई होती, पण वाऱ्याच्या उष्णतेने त्यांचा उत्साह मावळू लागला. म्हाताऱ्याने घागर आणली. तहानेची ओढ त्याला ठाऊक होती. शांतीने सर्वांना पाणी दिले आणि तिच्या बोलण्यातल्या गोडव्याने थकवा पळाला.’

प्रत्येक नामाचे प्रत्यय आधी सोडवून मूळ रूप पेन्सिलीने वर लिहा : उष्णतेने–उष्णता, तहानेची–तहान, गोडव्याने–गोडवा. हे न करता थेट उत्तर देणारा ‘गोडव्याने’ला क्रियाविशेषण ठरवून मोकळा होतो. मग धर्मी बाजूला काढा. रावेर विशेषनाम. बाग, केळी, मजूर, हात, वारा, घागर, पाणी ही सामान्यनामे. वारा दिसत नाही, पण अंगाला लागतो. तो उष्णतेचा धर्मी आहे, स्वतः धर्म नाही. म्हातारा हे इथे माणसाचे नाव, त्याचे भाववाचक ‘म्हातारपण’ झाले असते. शांतीने पाणी दिले, तेव्हा ‘कोणी?’ हा प्रश्न बसतो : विशेषनाम.

आता चपळाई, उष्णता, उत्साह, तहान, ओढ, गोडवा आणि थकवा ही सात भाववाचक नामे उरतात. कापणी आठवी, कारण ते कृतीचे नाव आहे. गुण आणि स्थिती शोधण्याच्या नादात कृती सुटते, म्हणून बहुतेकांचे उत्तर सातावर थांबते. ‘सुरू झाली’तल्या ‘सुरू’ला मात्र नाम समजू नका. काम सुरू झाले, पाऊस सुरू झाला : क्रियापद त्याच्याकडे बघतही नाही.

‘बोलण्यातल्या’ मधले ‘बोलणे’ राहिले. बोल या धातूला -णे लागून झालेले ते धातुसाधित नाम. पर्यायांत ‘धातुसाधित नाम’ दिले असेल तर तेच निवडा. फक्त तीन प्रकार दिले असतील तर कापणीच्या न्यायाने ते कृतीचे नाव म्हणून भाववाचकात टाकावे, आणि उताऱ्यातला आकडा नऊ होतो.